आठ पेल्यांतलं मेण

पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाटाच्या दिशेनं निघालं की त्या काळी उजव्या हाताला एक कौलारू बंगला लागायचा. मुंबईच्या एका पारशी शेठनं तो बांधला होता, तोही राहण्यासाठी नव्हे, वाटेत टेकण्यासाठी. उन्हाळा आला की शेठची माणसं बोटीनं बाणकोटला यायची, लाँचीनं दासगावला, तिथून मोटारीनं पोलादपूरला. एक मुक्काम या बंगल्यात, आणि सकाळी घाट चढून महाबळेश्वर. म्हणजे वर्षातून दोन दिवस माणसांचा बंगला, उरलेलं वर्ष हैबती आणि राहीबाईचा.

हैबती तिथला रखवालदार. बंगल्यामागे, विहिरीला लागून असलेल्या एका खोलीत तो आणि त्याची बायको बारा वर्षं राहत होती. दोघांना मूल नव्हतं. गावात, वर डोंगरात, हैबतीचा भाऊ कुशाबा वडिलांची जमीन कसत होता. पण कुशाबाची बायको रंगूबाई हिनं एकदा भर अंगणात, चार बायांच्या देखत, राहीबाईच्या रिकाम्या कुशीवरून बोलू नये ते बोलून टाकलं. त्या दिवशी राहीबाईनं डोक्यावर बोचकं घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "या उंबऱ्याला माझा पाय परत लागायचा नाय." पुढच्याच महिन्यात त्यानं ही नोकरी धरली. ती खोली म्हणजे राहीबाईचा हट्ट होता, आणि तो हट्ट तिनं शेणानं सारवून, दारात तुळस लावून बारा वर्षं जपला होता.

बंगल्यातल्या एका कपाटात आठ काचेचे पेले होते. जाड बुडाचे, रुंद तोंडाचे, वीतभर उंच, अंगावर बारीक नक्षी कोरलेली. त्यांत मेणबत्ती उभी करायची आणि व्हरांड्यातल्या लांब मेजावर ओळीनं ठेवायचे. घाटातून वारा आला तरी ज्योत विझत नसे. शेठच्या आईनं ते कुठून परदेशातून आणले होते, म्हणून शेठच्या बायकोचा, बाईसाहेबांचा, त्यांच्यावर फार जीव. त्या आल्या की आधी कपाट उघडून आठही पेले बघायच्या, मग पायातले बूट काढायच्या.

या पेल्यांना हैबती दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. "तुझा हात जड हाय गो," असं तो राहीबाईला हसत हसत म्हणायचा. मेणबत्त्या जळून बुडाशी मेण उरलं की तो ते कसं काढायचा, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तो विहिरीमागच्या चुलीपाशी बसायचा, आणि परत यायचा तेव्हा पेले स्वच्छ असायचे. एवढंच तिला ठाऊक.

त्या वर्षी दिवाळीनंतर शेठचा मुलगा मित्रांना घेऊन शिकारीला आला होता. त्यांनी दोन दिवस मेणबत्त्या पार बुडापर्यंत जाळल्या. प्रत्येक पेल्यात दोन बोटं जाडीचं मेण, मध्ये काळी वात रुतलेली. हैबती म्हणाला, बघू सवडीनं. मग भात झोडणी आली, मग कौलं उतरवणं आलं, मग शिमगा झाला. आणि चैत्रात हैबतीला ताप भरला.

पहिले चार दिवस वाटलं, हिवताप असेल. पण हा ताप उतरेचना. आठव्या दिवशी महाडचे एक डॉक्टर घाटावर जाताना वाटेत थांबले, ते राहीबाईनं मोटारीपुढे हात जोडले म्हणून. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं.

"मुदतीचा ताप आहे, बाई, टायफॉइड. एकवीस दिवस काढायचे. पेज द्या, पाणी उकळून द्या. त्यांच्या अंथरुणाला हात लावलात तर साबणानं हात धुवा. आणि डोकं गार ठेवा. बर्फ मिळाला असता तर बरं झालं असतं, पण इथे कुठला बर्फ!"

राहीबाईनं विहिरीच्या पाण्यात फडकं भिजवून कपाळावर ठेवायला सुरुवात केली. फडकं ठेवावं आणि चार श्वासांत ते कोमट व्हावं. चौदाव्या दिवसापासून हैबती बरळायला लागला. तिला ओळखेना. मेलेल्या बापाशी बोलायचा, बैलांना हाका मारायचा.

त्याच चौदाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, महाडहून कारभारी आले. शेठच्या या भागातल्या सगळ्या व्यवहाराची देखरेख त्यांच्याकडे होती. बंगल्याच्या पुढच्या पायरीवरूनच राहीबाईला हाक मारून त्यांनी विचारलं, "हैबती कुठे आहे?"

मागच्याच वर्षी माळ्याचा पाय मोडला तर कारभाऱ्यांनी आठ दिवसांत दुसरा माळी आणून बसवला होता. तिच्या तोंडातून निघून गेलं, "नदीवर गेलेत. सतरंज्या धुवायला."

"परवा गुरुवारी दुपारी बाईसाहेब येतायत. नातवंडंही आहेत बरोबर. रात्रीचं जेवण व्हरांड्यात, मेणबत्त्या लावून. सगळं लखलखीत पाहिजे. आणि ते पेले काढून ठेवायला सांग त्याला."

"व्हय."

"काही कमीजास्त झालं तर मी मध्ये पडणार नाही, सांगून ठेवतो."

ते गेले. राहीबाईनं कपाट उघडलं आणि आठही पेले एका सुपात ठेवून विहिरीमागे आणले. आतलं मेण दगडासारखं घट्ट बसलं होतं. तिनं आधी सुरीचं टोक घालून बघितलं. मेणाचे पापुद्रे निघाले, पण काचेला चिकटलेलं हलेना, आणि टोक सटकलं तसा काचेवर केसाएवढा ओरखडा उठला. तिनं सुरी टाकून दिली. पेला उपडा करून तळहातावर आपटला. काही नाही. उन्हात ठेवला. वरचं मेण तेवढं मऊ झालं, बुडाचं होतं तसंच.

मग तिला वाटलं, मेण आहे, उकळतं पाणी ओतलं की वितळणारच. तसं वाटण्यात चूक काहीच नव्हती. तिनं चुलीवर तपेली ठेवली, पाण्याला खळखळून उकळी आणली, आणि विहिरीच्या थंड दगडावर ठेवलेल्या पेल्यात ओतलं.

टच्च.

एवढाच आवाज झाला. पेल्याच्या बुडाशी एक रेघ उमटली, ती गोल फिरत गेली, आणि राहीबाईनं उचलायला जावं तर वरचा भाग तिच्या हातात आला, बूड दगडावरच राहिलं. बुडातलं मेण अजून जसंच्या तसं होतं.

ती तशीच बसून राहिली. हातातली काच ऊन होती. खोलीतून हैबती ओरडत होता, "सर्जा, वळ रे, वळ!" बारा वर्षांत त्या माणसाच्या हातून यातला एक पेला फुटला नव्हता. तिनं दोन्ही तुकडे पदरात गुंडाळले, खोलीत आणले आणि त्याच्या उशाशी बसली.

"अवो, ऐकता का? ते मेण कसं काढायचं? सांगा ना. एकदाच सांगा."

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे बघून म्हणाला, "आई, पाणी."

तिनं पाणी पाजलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज चढला, तिनं त्याचा खांदा हलवला, आणि मग स्वतःचीच इतकी शरम वाटली की ती भिंतीकडे तोंड करून बसली. ती संध्याकाळ तिनं उरलेल्या सात पेल्यांकडे बघत काढली. कशालाच हात लावायचा धीर होईना.

बुधवारी सकाळी मोटारीचा भोंगा वाजला. बाईसाहेबांच्या आधी एक दिवस त्यांचा स्वयंपाकी सामान घेऊन येत असे. त्याचं नाव महिपत. मूळचा महाडच्या बाजूचाच, पण वीस वर्षं मुंबईत पारशी घरात काढलेली, त्यामुळे बोलण्यात मुंबई शिरलेली. त्यानं टोपल्या उतरवल्या, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरच्या मदतीनं एक जड लाकडी पेटी उतरवली. पेटीच्या फटींतून लाकडाचा भुसा डोकावत होता आणि खालून पाणी ठिबकत होतं.

"हैबती किधर हाय?" असं म्हणत तो विहिरीमागे आला, आणि सुपातले सात पेले आणि राहीबाईचा चेहरा बघून थांबला.

राहीबाई एकदम त्याच्या पायाशी वाकली. ताप, कारभाऱ्यांना सांगितलेलं खोटं, फुटलेला पेला, सगळं एका दमात सांगितलं. महिपत दोन पावलं मागे सरला.

"उठा, वैनी, उठा. असं पाया नका पडू." त्यानं खोलीच्या दाराकडे बघितलं. आत शिरला नाही. "उकळतं पाणी ओतलंत? गार काचेवर? अवो, काच तडकणारच. आमी मुंबईत बर्फानं करतो. मेण गार झालं की आकसतं. काचेला सोडून देतं. मग वरनं नुसता ठोका मारायचा."

"बर्फ?" राहीबाई म्हणाली.

"पेटीत हाय ना. बाईसाहेबांच्या शरबताला." तो जरा घुटमळला. मग गेला आणि एका परातीत नारळाएवढा बर्फाचा तुकडा घेऊन आला. "यापेक्षा जास्त नाय देता येणार. कमी दिसला तर माझ्यावर येईल. बारीक फोडा, मीठ घाला, त्यात पेले रोवा आणि आतही थोडा भरा. पेला मात्र गरम नको हां. गार पेल्यालाच लावा."

तो स्वयंपाकघरात गेला. राहीबाईनं बर्फ आयुष्यात पहिल्यांदा बघितला. बोट लावलं तर चटका बसल्यासारखं झालं. आणि तेव्हाच तिला डॉक्टरचे शब्द आठवले.

परात हातात घेऊन ती विहिरीमागे उभी राहिली. खोलीचं दार दहा पावलांवर होतं. सुपातले पेले पायाशी होते. परातीच्या कडेनं पाण्याचा ओघळ तिच्या मनगटावर आला. आधी पेले, असं ती मनाशी म्हणाली. खोली गेली तर याला आजारी कुठे ठेवू? पटकन उरकते आणि उरलेला डोक्याला लावते.

तिनं वरवंट्यानं बर्फ फोडला. अर्धा बर्फ मीठ घालून एका पातेल्यात पसरला, दोन पेले त्यात रोवले, आत बर्फाचा चुरा भरला. पाव तासात पेल्याच्या अंगावर दव धरलं. आतल्या मेणाचा रंग दुधासारखा पांढरा झाला, आणि काच आणि मेणामध्ये एक चंदेरी फट दिसायला लागली. तिनं पेला उपडा केला, तळव्यानं बुडावर एक थाप मारली, आणि मेणाचा अख्खा बुडखा, वातीसकट, फणसातल्या आठळीसारखा टप्पकन तिच्या हातात पडला. दुसऱ्याचाही तसाच.

आनंदानं तिला हसू फुटलं. चौदा-पंधरा दिवसांत पहिल्यांदा. तिनं तिसरा पेला उचलला आणि परातीकडे पाहिलं. उन्हाच्या झळीनं तिथला बर्फ निम्मा उरला होता. जो होता तो पाण्यात तरंगत होता.

आणि आतला आवाज बंद झाला होता. हैबती सकाळपासून बैलांना हाका मारत होता, तो गप्प झाला होता.

राहीबाई पेला सुपात ठेवून धावली. हैबतीचे डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली, ओठांवर कोरड. अंगाला हात लावला तर चुलीच्या दगडासारखं लागलं. श्वास होता. तिनं परात ओढत आणली, उरलेला सगळा बर्फ फडक्यात बांधला आणि त्याच्या कपाळावर धरला. परातीतलं गार पाणी त्याच्या मानेवर, छातीवर थापलं. पातेल्यातला मिठाचा बर्फही आणला, तो दुसऱ्या फडक्यात बांधून डोक्यामागे ठेवला. आणि सारखी म्हणत राहिली, "चुकले मी. चुकले. आधी तुमालाच द्यायला हवा व्हता. इकडं बघा. बघा ना माझ्याकडं."

किती वेळ गेला कळलं नाही. बर्फाचं पाणी होऊन अंथरूण भिजलं. मग हैबतीची पापणी हलली. त्यानं मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. यावेळी तिला ओळखून बघितलं.

"राही."

"व्हय, मीच हाय."

"गार लागतंय."

"लागू दे. चांगलं असतंय."

त्याची नजर तिच्या पदराला चिकटलेल्या मेणाच्या चुऱ्यावर गेली. त्यानं ते ओळखलं. बराच वेळ लागला, पण तो बोलला. एकेक शब्द वेगळा, पाण्यातून काढावा तसा. "पेले... गार पाण्यात ठेव. तपेलीत. खाली फडकं घाल. मग चूल पेटव... बारीक. हात जेमतेम सोसंल, तिथवर तापव. घाई नको. मेण कडेनं सुटतं. अंगठ्यानं दाब... सरकतं."

"आणि मग?"

"त्याच पाण्यात निवू दे. दगडावर नको ठेवू." आणि डोळे मिटले. पण या वेळी तो झोपला होता, श्वास संथ होता.

दुपारी राहीबाईनं पाच पेले गार पाण्याच्या तपेलीत ठेवले, खाली जुन्या लुगड्याची घडी. लाकडं काढून नुसत्या निखाऱ्यांवर तपेली ठेवली. पाण्यात बोट बुडवून बसून राहिली. कोमट. जरा ऊन. आणखी ऊन. बोट ओढून घ्यावंसं वाटलं तेव्हा निखारे मागे ओढले. मेण काठाशी ओलसर, अर्धपारदर्शक झालं होतं. तिनं अंगठा दाबला आणि मेणाचा बुडखा हळूच तिरका झाला, काचेवरून घसरला आणि पाण्यावर तरंगत आला. एकामागून एक पाचही निघाले. पाणी निवल्यावर वर मेणाची सायीसारखी कातडी धरली, ती तिनं उचलून बाजूला टाकली. रिठ्याच्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पेले पुसले. मध्येमध्ये उठून ती हैबतीला पाणी पाजत होती, त्याचं अंथरूण बदलत होती, हात साबणानं धुवून पुन्हा पेल्यांकडे येत होती.

गुरुवारी दुपारी मोटारी आल्या. बाईसाहेब उतरल्या, मागोमाग सून, दोन नातवंडं, आणि दुसऱ्या मोटारीतून कारभारी. बाईसाहेब सरळ कपाटापाशी गेल्या. सात पेले ओळीनं चमकत होते. आठव्या जागी राहीबाईनं दोन तुकडे जोडून ठेवले होते. लपवायचं नाही, हे तिनं पहाटे ठरवलं होतं. एक खोटं तिला पुरलं होतं.

बाईसाहेबांनी तुकडा हातात घेतला. "हैबतीनं फोडला?"

"नाय, बाईसाहेब. मी. ते आजारी हायेत. पंधरा दिवस झाले. पेले मी धुतले."

"कसला आजार?"

राहीबाईनं कारभाऱ्यांकडे पाहिलं नाही. "मुदतीचा ताप."

बाईसाहेबांनी हातातला तुकडा मेजावर ठेवला. त्यांनी स्वतःचे हात समोर धरले, जणू त्यांना काही लागलंय.

"ह्याच हातांनी तू त्याचं सगळं करतेस? आणि ह्याच हातांनी आमचे पेले धुतलेस? माझी नातवंडं इथे जेवणार होती!"

"मी साबणानं..." राहीबाई म्हणाली. पण बाईसाहेब नातवंडांना हाताला धरून मोटारीकडे निघाल्याही होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग कमी आणि भीती जास्त होती. एक मूल त्यांनी आधीच याच तापात गमावलं होतं, हे महिपतनं राहीबाईला नंतर सांगितलं. तेव्हा तिला त्यांचा राग धरता येईना, आणि धरता येत नाही याचंच जास्त दुःख झालं.

बाईसाहेब मुक्कामाला थांबल्याच नाहीत. उन्हं असतानाच मोटारी घाटाकडे वळल्या. मेणबत्त्या त्या दिवशी लागल्या नाहीत. कारभारी मागे राहिले.

"मला नदीवर गेलाय म्हणून सांगितलंस," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "पेल्याचं मी काहीतरी बोललो असतो. पण हे? पावसाच्या आत खोली रिकामी करा. तो उठून बसेपर्यंत राहा, तेवढं मी बघतो."

महिपत सामानाच्या मोटारीबरोबर निघताना विहिरीमागे आला. बर्फाची पेटी त्यानं खोलीच्या सावलीत ठेवली होती. "बाईसाहेब या पेटीतलं आता घेणार नायत. वर महाबळेश्वरला न्यायचं म्हणलं तर फेकायलाच लावतील. भुसा दाबून ठेवा, दोन दिवस टिकंल." राहीबाईनं हात जोडले.

बर्फ दोन दिवस टिकला. तिनं त्यातला कणही वाया जाऊ दिला नाही. ताप बाविसाव्या दिवशी उतरला. हैबती वाचला, पण त्याचे दोन्ही कान गेले. हाडं आणि कातडं एवढंच उरलेला तो माणूस तिनं बोललेलं काहीही ऐकू न येता तिच्या तोंडाकडे बघत बसायचा.

बुधवारचा तो अर्धा बर्फ राहीबाईच्या मनातून कधी गेला नाही. दोन पेल्यांसाठी घालवलेला. तो आधीच डोक्याला लागला असता तर कान राहिले असते का? पुढे तिनं महाडच्या त्या डॉक्टरांना गाठून विचारलंही. ते म्हणाले, या तापात कान जातात कुणाकुणाचे, बर्फाचा त्याच्याशी संबंध नाही. तिनं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, हे तिच्याकडे बघून कुणाला सांगता आलं नसतं.

वैशाखाच्या शेवटी कुशाबा बैलगाडी घेऊन आला. त्याला निरोप राहीबाईनंच पाठवला होता. गाडीत तिनं भांडी, घोंगड्या आणि नवरा, एवढं घातलं. गाव येईपर्यंत हैबती मोठमोठ्यानं बोलत होता, हे शेत कुणाचं, त्या आंब्याला फळ राहिलं का, आणि राहीबाई हातानं खुणा करून उत्तरं देत होती.

अंगणात रंगूबाई उभी होती. हैबतीकडे बघून तिनं तोंडाला पदर लावला. मग गोठ्यालगतच्या पडवीकडे हात केला. तिथं जागा झाडून ठेवलेली होती. राहीबाईनं क्षणभर उंबऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या काखेत हात घातला, आणि पडवीची पायरी चढली.